चिमटे संपले की खेळ संपला

"ताई, वर्गात तो नीट बसतो. पण खेळाचा तास लागला की कान झाकून दाराकडे पळतो. बाई म्हणतात, त्याला बाहेरच बसू द्या. त्याला मुलांत मिसळायचंच नाही का?"

सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या स्वमग्न मुलांच्या आया हे सतत विचारतात. हा प्रश्न होता यंत्रमागावर काम करणाऱ्या एका घरातल्या सहा वर्षांच्या मुलाच्या आईचा.

मी त्याच्या वर्गात जाऊन बसले. प्रार्थनेला तो त्याच मुलांना खेटून शांत उभा होता, हजेरीला "हजर" म्हणाला. म्हणजे अडचण मुलांची नव्हती. प्रार्थना कशी सुरू होते, कुठे संपते हे त्याला पाठ होतं. खेळात मात्र चेंडू कुठून येईल, आरडाओरडा कधी थांबेल, काहीच कळायला मार्ग नव्हता. मूल बदलण्याआधी त्याच्याभोवतीची मांडणी बदलावी, असं मी मानते. इथेही तेच केलं.

बाईंना एक जुनी सोलापुरी चादर आणायला सांगितली. तिच्या काठाला कपडे वाळत घालायचे पाच चिमटे लावले. सहा मुलं कड धरून उभी राहायची, सगळी मिळून "एक, दोन, तीन" म्हणायची आणि चादरीवरचा चेंडू वर उडवायची. प्रत्येक फेरीनंतर एका मुलाने एक चिमटा काढून डब्यात टाकायचा. चिमटे संपले की चादरीची घडी. रोज तीच जागा, तेच शब्द.

सुरुवातीला तो दाराजवळूनच बघायचा. शेवटचा चिमटा तेवढा त्याचा. मग तो कड धरू लागला. एकदा शेजारची मुलगी चेंडूच्या नादात चिमटा काढायला विसरली, तर त्याने तिचा हात धरून चिमट्यावर नेऊन ठेवला. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. पुढे काय होणार हे ठाऊक झालं, तेव्हा त्याला शेजारी कोण उभं आहे हे बघायला सवड मिळाली. हे मला आधीच वाटत होतं, तरी डोळ्यांनी पाहताना फार बरं वाटलं.

एकदा घडी बिघडली. मुलं "अजून एकदा!" ओरडली, चिमटे संपलेले असताना बाईंनी चेंडू उडवला आणि तो किंचाळत बाहेर गेला. वाढीव फेरी हवी असेल तर आधी त्याच्यासमोर नवा चिमटा लावायचा, हे तेव्हापासून ठरलं.

क्रम अंगवळणी पडल्यावर त्यात थोडा बदल करावाच, नाहीतर मूल त्याच चादरीला अडकून बसतं. पण एका वेळी एकच: आधी चेंडूऐवजी फुगा, काही दिवसांनी चिमटे सात. मूल आपल्या पाळीआधीच चिमट्याकडे हात नेऊ लागलं, की बदलाची वेळ झाली असं समजा. बाई रजेवर असतील त्या दिवशी मात्र बदल नको. बदली शिक्षिकेला शब्द आणि क्रम कागदावर लिहून द्या.

गोंगाट जास्त असला की तो अजूनही कान झाकतो. त्या दिवशी त्याला दाराजवळच्या कडेला उभं करा आणि शेवटचा चिमटा त्याच्यासाठी ठेवा.