न्यूटनच्या वलयांचा गोषवारा: वक्रता त्रिज्या आणि तिची अनिश्चितता

प्रश्न: "चौथ्यापासून विसाव्यापर्यंतच्या सम क्रमांकाच्या काळ्या वलयांचे व्यास मोजले. D² विरुद्ध n आलेखाचा चढ २.४० मिमी² आला. मायक्रोस्कोपचं लघुत्तम माप ०.०१ मिमी आहे, म्हणून R = १.०१८१६ ± ०.००००१ मी लिहिलं, तर सरांनी त्यावर लाल रेघ मारली. स्फेरोमीटरने ०.९९ मी आली होती (पायांमधलं अंतर ४० मिमी, h = ०.२७ मिमी). गोषवाऱ्यात काय लिहू?"

०.०१ मिमी ही मायक्रोस्कोपच्या पट्टीची मर्यादा आहे. ती मीटरमध्ये बदलून R पुढे चिकटवता येत नाही, कारण R तुम्ही पट्टीने मोजलेलीच नाही. ती चढावरून काढली आहे, तेव्हा तिची अनिश्चितताही चढाकडूनच यायला हवी.

वलयाची कड धूसर असते. क्रॉसवायर काळ्या पट्ट्याच्या मधोमध आणताना हात दर वेळी थोडा वेगळ्या जागी थांबतो. एकाच वलयावर क्रॉसवायर पुन्हा पुन्हा लावून बघा, वाचनं साधारण ०.०२ मिमीने विखुरलेली दिसतील. व्यास दोन वाचनांच्या फरकातून येतो, म्हणजे त्यात सुमारे ०.०३ मिमी. विसाव्या वलयाचा व्यास ७ मिमीच्या आसपास आहे, तेव्हा D² मधली अनिश्चितता 2D·ΔD, म्हणजे सुमारे ०.४ मिमी². चौथ्या वलयाला ती याच्या निम्म्याहून कमी. नऊ बिंदूंतून रेषा काढली की चढाला ± ०.०२ मिमी² येते. तुमच्या बिंदूंचा विखुरलेपणा याहून मोठा असेल, तर रेषा बसवताना मिळणारी चढाची प्रमाण त्रुटी घ्या.

सोडियमची सरासरी तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर. तिच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ वर आहेत, म्हणजे फार तर ०.०५ टक्के. ती सोडून द्या. चढाची ०.८ टक्के उरते आणि R = चढ/(4λ) मध्ये ती तशीच जाते: १.०१८ ± ०.००८ मी. पुढचे दोन अंक लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही.

आता मला या प्रयोगातली सर्वांत आवडणारी गोष्ट. भिंग आणि काचेमध्ये धुळीचा कण अडकला, तर मधे t एवढी फट राहते आणि समीकरण असं होतं:

```
D² = 4R(nλ − 2t)
```

फट फक्त स्थिर पदात गेली, चढ तोच राहिला. वलयं मोजताना क्रमांक एकाने चुकला, तरी तसंच. क्रॉसवायर केंद्रातून न जाता s अंतरावरून गेली, तर व्यासाऐवजी जीवा मोजली जाते आणि D² मधून 4s² वजा होतं, तेही सर्व वलयांसाठी सारखंच. म्हणून एकाच वलयाच्या व्यासावरून R काढू नये आणि रेषा बळेच शून्यातून नेऊ नये. मधला ठिपका काळा नसला तरी घाबरायचं कारण नाही.

बॅकलॅश मात्र या सवलतीत बसत नाही. डाव्या कडा एका दिशेने आणि उजव्या कडा स्क्रू उलटा फिरवून घेतल्या, तर प्रत्येक व्यासात तेवढीच चूक मिसळते, पण D² मध्ये ती D च्या प्रमाणात वाढते. ०.०५ मिमी बॅकलॅशने चढ सुमारे १ टक्क्याने सरकतो, म्हणजे तुमच्या पूर्ण अनिश्चिततेहून जास्त, आणि आलेख तरीही सरळच दिसतो! ओळखायचं कसं? एकच कड दोन्ही बाजूंनी येऊन वाचा. वाचनं वेगळी आली तर तो फरकच बॅकलॅश. विसाव्या वलयाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत स्क्रू एकाच दिशेने फिरवला असेल, तरच R चा वरचा आकडा लिहा.

स्फेरोमीटरच्या आकड्यालाही अनिश्चितता द्या. h फक्त ०.२७ मिमी आहे आणि स्फेरोमीटरचं लघुत्तम माप ०.०१ मिमी धरलं, तर जवळजवळ ४ टक्के: ०.९९ ± ०.०४ मी. दोन आकड्यांतला फरक ०.०३ मी आहे, तो यात सहज बसतो. म्हणून "३ टक्के त्रुटी आढळली" असं लिहू नका, स्फेरोमीटरचा आकडा इथे जास्त खात्रीचा नाही.

मी गोषवारा असा लिहीन:

"समतल-बहिर्वक्र भिंग आणि सपाट काच यांमधील हवेच्या थरात सोडियमच्या प्रकाशाने (५८९.३ नॅनोमीटर) तयार झालेल्या व्यतिकरण वलयांवरून भिंगाच्या वक्र पृष्ठाची वक्रता त्रिज्या काढली. ४ ते २० या सम क्रमांकांच्या काळ्या वलयांचे व्यास ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने एकाच दिशेने मोजले. व्यासाचा वर्ग आणि वलयाचा क्रमांक यांच्या आलेखाचा चढ २.४० ± ०.०२ मिमी² आला, त्यावरून वक्रता त्रिज्या १.०१८ ± ०.००८ मी मिळाली. स्फेरोमीटरने मिळालेल्या ०.९९ ± ०.०४ मी या मूल्याशी ती अनिश्चिततेच्या मर्यादेत जुळते. अनिश्चिततेचा मुख्य भाग वलयाच्या मध्यावर क्रॉसवायर लावण्यातून येतो."

सूत्राची सिद्धता, उपकरणांची यादी आणि "प्रयोग यशस्वी झाला" हे वाक्य यात मुद्दाम नाही.