डेकोरेटरला काय लिहून द्यायचं
अरे, लग्नाच्या स्टेजसाठी डेकोरेटरला फोटो पाठवून 'सेम असंच पाहिजे' एवढ्यावर सोडू नको, फोटोतला हॉल वेगळा असतो. सांगलीतल्या तुझ्या हॉलवर टेप घेऊन जा, स्टेजची रुंदी, खोली आणि छताची उंची मोजून व्हॉट्सॲपवर लिहून टाक, म्हणजे बॅकड्रॉप किती फुटाचा बसतो ते आधीच कळतं.

फुलांचं तर स्पष्टच लिही, खरी कुठं आणि आर्टिफिशियल कुठं. मे महिन्यातलं लग्न आहे, खरा झेंडू-शेवंती दुपारपर्यंत मान टाकतात, म्हणून खरी फुलं फक्त पुढं, हाताशी येतील तिथं, आणि ती पहाटे लावायची, रात्री नाही. वरचं सगळं आर्टिफिशियल चालतंय, लांबून कोण बघतंय!

लाईट वॉर्म व्हाईट लिही. निळा-जांभळा चेहऱ्यावर पडला की हळद लागलेली नवरीपण आजारी दिसते, रंगीत लाईट फक्त मागच्या पडद्यावर.

मुहूर्त १२:३५ चा असेल तर ९ ला स्टेज तयार, असं लिही, 'सकाळी' नको. आणि काढायचं कधी तेही, नाहीतर पंगत चालू असतानाच पोरं शिडी लावून पडदे सोडायला लागतात. हॉल किती वाजता रिकामा करायचा ते मॅनेजरला विचार, जादा तासाचं भाडं कुणी द्यायचं तेही त्यातच लिही. शेवटचा हप्ता स्टेज बघून.