लीव्ह एनकॅशमेंटवर कापलेला टीडीएस: कंपनीच्या मागे लागायचं की रिटर्नमधे मागायचा?

प्रश्न: सर, मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट कंपनीतून ३१ ऑक्टोबर २०२५ ला ५८ व्या वर्षी रिटायर झालो, सर्व्हिस ३१ वर्ष. ग्रॅच्युइटी १४,३०,७६९ पूर्ण मिळाली. ३०० दिवसांच्या लीव्हचे ८ लाख हिशोबात धरले पण ते सगळे टॅक्सेबल पकडून वर्षाचा एकूण १,०८,४२० टीडीएस कापला. पगार महिन्याला १,१०,००० होता, त्यात बेसिक अधिक डीए ८०,००० (मार्चपर्यंत ७४,०००). नवीन रेजिम आहे, एफडीचं व्याज ६० हजार आहे. एचआर म्हणते रिटर्नमधे मागा. ओळखीचे टॅक्सवाले म्हणतात फॉर्म १६ मधे सूट नसेल तर नोटीस येईल, आणि नव्या रेजिममधे मिळतही नाही, सोडून द्या. पावसाळ्याआधी घराच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करायचंय, ९० हजार लागतील, रिफंड येईल या भरवशावर पर्सनल लोन घेऊ का?

उत्तर:

भाऊ, सोडून द्यायचा प्रश्नच येत नाही, एक लाखाच्या वर रक्कम आहे आणि हक्काची आहे. नवीन रेजिमवाली गोष्ट आधी मिटवून टाकू. नव्या रेजिममधे एचआरए जातो, ८०सी जातं, हे खरं, म्हणून लोक धरून चालतात की सगळंच गेलं. पण रिटायरमेंटला मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची सूट म्हणजे कलम १०(१०), आणि लीव्ह एनकॅशमेंटची सूट म्हणजे कलम १०(१०एए), या दोन्ही नव्या रेजिममधेही चालू आहेत. तुमच्या कंपनीने ग्रॅच्युइटीवर काही कापलं नाही ते याचमुळे. मग लीव्हवर का कापलं? माझा अंदाज, पेरोलमधे नोकरीत असताना लीव्ह विकली तर जो कोड लावतात तोच लागला असेल. चालू नोकरीत विकलेल्या लीव्हला ही सूट नसते, ती पूर्ण टॅक्सेबल, आणि सॉफ्टवेअरला तुम्ही रिटायर झालात हे कोण सांगणार.

आता सूट नेमकी किती ते बघा, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण रक्कम माफ असते. तुमच्यासारख्या प्रायव्हेटवाल्याला चार आकड्यांपैकी जो सगळ्यात लहान तेवढीच माफ. पहिला आकडा प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, तुमचे ८,००,०००. दुसरा, रिटायर व्हायच्या लगेच आधीच्या दहा महिन्यांचा सरासरी पगार गुणिले दहा. तिसरा, खात्यावर शिल्लक असलेल्या लीव्हची त्याच सरासरी पगाराने होणारी किंमत, आणि त्यात सर्व्हिसच्या दर पूर्ण वर्षाला ३० दिवसांपेक्षा जास्त लीव्ह धरत नाहीत. चौथा सरकारने ठरवलेली लिमिट, ती वर्षानुवर्षे ३ लाख होती, १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली. काही ऑफिसांत अजून ३ लाखच डोक्यात बसलंय, पण तुमच्या केसमधे तेवढीही सूट दिलेली दिसत नाही.

इथे पगार म्हणजे तुमचे १,१०,००० नाहीत. बेसिक आणि जो डीए रिटायरमेंटच्या हिशोबात धरतात तो, एवढंच. दहा महिने म्हणजे जानेवारी ते ऑक्टोबर २०२५. त्यात जानेवारी ते मार्च ७४ हजाराने २,२२,०००, एप्रिल ते ऑक्टोबर ८० हजाराने ५,६०,०००, मिळून ७,८२,०००, म्हणजे सरासरी ७८,२००. दुसरा आकडा ७,८२,००० आला. तिसरा पण तोच, कारण ३०० दिवस म्हणजे दहा महिने. चौथा २५ लाख, तो लांबच राहिला. सगळ्यात लहान ७,८२,०००, म्हणून माफ एवढेच, उरलेले १८,००० टॅक्सेबल. कंपनीने शेवटच्या ८० हजाराने पैसे दिले आणि कायदा सरासरी धरतो, त्यातून हा फरक पडला. ज्यांची कंपनी पूर्ण ग्रॉसवर लीव्हचे पैसे देते त्यांचा फरक याहून खूप मोठा निघतो, आणि ते बिचारे पूर्ण रक्कम माफ म्हणून टाकून मोकळे होतात.

तुमच्या वर्षाचा हिशोब असा बसतो: सात महिन्यांचा पगार ७,७०,०००, त्यात लीव्हचे टॅक्सेबल १८,०००, झाले ७,८८,०००, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० गेलं की ७,१३,०००, एफडीचं व्याज जोडलं की ७,७३,०००. या वर्षी नव्या रेजिममधे १२ लाखापर्यंतच्या उत्पन्नाला ८७ए चं रिबेट आहे, म्हणून टॅक्स शून्य. पूर्ण १,०८,४२० परत. एफडी एकाच बँकेत असेल तर व्याज ५० हजाराच्या वर गेल्यामुळे बँकेनेही १० टक्क्याने ६ हजार कापले असतील, ते पण याच रिटर्नमधे मिळतील. आणि हे लक्षात घ्या, ते १८ हजार लपवून पूर्ण ८ लाख माफ दाखवले तरी तुमचा टॅक्स शून्यच राहतो, एक रुपया जास्त मिळत नाही, उलट हिशोब मागितला तर अडकायला जागा होते. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील तर मात्र थांबा, त्याच्या स्पेशल रेटच्या टॅक्सवर हे रिबेट चालत नाही, तो हिशोब वेगळा करावा लागेल.

आता कंपनीचं. कापलेला टीडीएस सरकारजमा झाला, तुमचा पुढचा पगारही नाही ज्यात ते जुळवून घेतील, म्हणून पैसे कंपनीकडून परत येणार नाहीत, एचआरचं तेवढं बरोबर आहे. पण त्यांच्याकडून एक काम होऊ शकतं आणि त्याला मुदत आहे. जानेवारी-मार्च तिमाहीचं टीडीएस रिटर्न, फॉर्म २४क्यू, ३१ मेपर्यंत जातं, आणि त्यातच प्रत्येकाचा वर्षभराचा पगार आणि सूट भरतात, त्यावरून फॉर्म १६ चा पार्ट बी निघतो जो १५ जूनपर्यंत हातात यायला पाहिजे. तर आत्ताच अकाउंट्सला एक मेल टाका, त्यात वरचा हिशोब चार ओळीत लिहा, आणि सांगा की १०(१०एए) खाली ७,८२,००० दाखवा. फोनवर बोलू नका, मेलच करा, पुढे कामी येतो. त्यांनी केलं तर फॉर्म १६ आणि तुमचं रिटर्न जुळेल आणि चौकशीची शक्यता बरीच कमी होईल. नाही केलं तरी तुमचा हक्क जात नाही, सूट कायद्याने मिळते, फॉर्म १६ ने नाही. एक मेल, एक रिमाइंडर, त्याच्या पलीकडे त्यांच्यामागे हिंगण्याच्या चकरा मारू नका.

सोबत त्यांच्याकडून दोन कागद मागून घ्या: फुल अँड फायनलचा हिशोब ज्यात लीव्हचे दिवस आणि दर वेगळे दिसतात, आणि लेटरहेडवर लीव्ह शिल्लक किती होती त्याचा दाखला. जानेवारी ते ऑक्टोबरच्या पगार स्लिपा तुमच्याकडे असतीलच.

रिटर्न भरताना पोर्टलवर फॉर्म 26AS उघडून आधी बघा की १,०८,४२० तुमच्या पॅनवर जमा दिसतात का. तिथे कमी दिसले तर भरायची घाई करू नका, कंपनीला विचारा. तुमचं बाकी काही नसेल तर आयटीआर-१ चालेल. त्यात कंपनी ज्या प्रकारात येते तिथे `Others` निवडा. चुकून `State Government` वगैरे निवडलं तर पूर्ण सूट मागितल्यासारखं होईल. ग्रॉस सॅलरी फॉर्म १६ मधे आहे तशीच ठेवा. काही जण काय करतात, ग्रॉसमधूनच आठ लाख काढून टाकतात, मग पगाराचा आकडा कंपनीने कळवलेल्या आकड्याशी जुळत नाही आणि सिस्टिमला ते पगार लपवल्यासारखं दिसतं. तुम्ही पूर्ण ग्रॉस दाखवायचा आणि त्याच्या खाली सूट मिळणाऱ्या भत्त्यांच्या यादीतून 10(10AA) निवडून ७,८२,००० टाकायचे. ग्रॅच्युइटीचं पण असंच, फॉर्म १६ च्या ग्रॉसमधे १४,३०,७६९ धरलेली असेल तर 10(10) खाली तेवढीच वजा दाखवा, आणि ग्रॉसमधे नसेलच तर वजा पण करू नका, नाहीतर न जोडलेली रक्कम वजा होऊन बसेल. ती पूर्ण माफ आहे का ते मी तपासलं: ८०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ३१ वर्ष, तुमचा आकडा तंतोतंत येतो, आणि २० लाखाच्या लिमिटच्या आत आहे.

आधी कुठल्या दुसऱ्या कंपनीतून निघताना लीव्ह एनकॅशमेंटची सूट घेतली असेल तर ती २५ लाखातून वजा होते, ही लिमिट आयुष्यभराची एकच आहे. तुमची ३१ वर्ष एकाच ठिकाणी गेली त्यामुळे तुम्हाला लागू नाही, वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

नोटीसचं भूत काढून टाका. आली तर बहुधा १४३(१)(ए) खालची सूचना येईल की ही सूट आम्ही कमी करतोय, काही म्हणायचंय का. त्याला ३० दिवसांत पोर्टलवरच उत्तर द्यायचं असतं, मान्य नाही निवडून वरचा हिशोब लिहायचा. सिव्हिल लाइन्सच्या इन्कम टॅक्स ऑफिसात जायची गरज नाही. लोकांचं नुकसान नोटीसमुळे होत नाही, ती ईमेलमधे पडून राहिली आणि ३० दिवस निघून गेले यामुळे होतं, म्हणून पोर्टलवर मुलाचा नको, तुम्ही स्वतः बघता तो ईमेल आणि मोबाईल ठेवा.

तारखेचं: ३१ जुलैच्या आत भरा. वेळेत भरलं तर रिफंडवर १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, तुमच्या रकमेवर महिन्याला ५४२ रुपये, आणि ते पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावं लागतं. उशीर केला तर व्याज भरल्याच्या तारखेपासून, वर ५ हजार लेट फी.

आणि स्लॅबचं. फॉर्म १६ जूनच्या मध्यापर्यंत येणार, आपल्याकडे पाऊसही तेव्हाच येतो, म्हणजे रिफंडच्या पैशातून पावसाळ्याआधी काम होणं शक्यच नाही. रिफंड काही आठवड्यांत येतो तसा चौकशी लागली तर काही महिने अडकतो पण. पर्सनल लोन घ्याल तर त्याचं व्याज अर्ध्या टक्क्याच्या दुपटीने-तिपटीने पडणार, प्रोसेसिंग फी वेगळी. तुमच्याकडे ग्रॅच्युइटीचे १४ लाख आहेत ना, त्यातले ९० हजार आत्ता काढा, एफडीत असतील तर सगळ्यात लहान एफडी मोडा, मोडल्याचा दंड एखाद टक्का जातो तो जाऊ द्या. रिफंड जमा झाला की तेवढीच एफडी पुन्हा करा.