‘वन पर्सेंट लो’ म्हणजे किमान वेग नव्हे

प्रश्न : ग्राफिक्स कार्डांच्या चाचण्यांचे निकाल मराठीत लिहिताना ‘वन पर्सेंट लो’साठी मी ‘किमान वेग’ असे लिहितो. उदाहरणार्थ, ‘या कार्डाचा सरासरी वेग ९३ फ्रेम्स आणि किमान वेग ७१ फ्रेम्स आहे.’ एका वाचकाने हे चूक असल्याचे कळवले. मग योग्य शब्द कोणता? आणि ‘स्टटर’ला ‘तोतरेपणा’ चालेल का?

उत्तर : आपल्या वाचकाचे म्हणणे बरोबर आहे. सेकंदाला जितक्या फ्रेम्स, म्हणजे चित्रे, पडद्यावर येतात तो येथे वेग, आणि ‘वन पर्सेंट लो’ म्हणजे ढोबळमानाने चाचणीतील सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सवरून काढलेला वेग. ‘किमान’ म्हटले की त्याच्या खाली काहीही उरत नाही, असा मराठीत अर्थ होतो. किमान तापमान ११ अंश होते असे म्हटल्यावर त्या रात्री पारा ९ वर गेला होता असे कोणी समजणार नाही. ‘वन पर्सेंट लो’ ७१ असताना मात्र त्याच चाचणीत ४० च्या, २० च्या किंवा १० च्या वेगाच्या फ्रेम्सही येऊन गेलेल्या असू शकतात, आणि ७१ हून मंद काही फ्रेम्स तर बहुधा आलेल्या असतातच. म्हणून ‘किमान’ हा शब्द येथे वाचकाला कार्ड आहे त्यापेक्षा चांगले भासवतो.

हा घोळ शब्दाचा असला तरी त्याचे मूळ मोजणीत आहे. मोजणारे साधन मुळात दर सेकंदाचा वेग मोजतच नाही, ते प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला हे मिलिसेकंदांत लिहून ठेवते. प्रेझेंटमॉन या साधनाने तयार केलेली नोंद उघडली तर `MsBetweenPresents` या नावाच्या स्तंभात एका ओळीला एक फ्रेम याप्रमाणे आकडे दिसतात. १००० ला त्या आकड्याने भागले की आपण ज्याला वेग म्हणतो तो मिळतो. १० मिलिसेकंदांची फ्रेम म्हणजे १०० चा वेग आणि १०० मिलिसेकंदांची फ्रेम म्हणजे १० चा वेग. पूर्वी यातून सरासरी आणि किमान एवढे दोनच आकडे छापण्याची पद्धत होती, आणि ते किमान खरोखरच किमान असे. त्यात अडचण अशी की, हजारो फ्रेम्सपैकी एखादी कसल्या तरी योगायोगाने रेंगाळली तरी तीच निकाल ठरवून जाई आणि चाचणी पुन्हा केली की आकडा बदले. ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाचे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये वेगाऐवजी फ्रेमच्या वेळेकडे पाहण्याचा आग्रह धरला आणि ९९ व्या पर्सेंटाइलची वेळ देण्यास सुरुवात केली. पुढे रूढ झालेले ‘वन पर्सेंट लो’ हे त्याच विचाराचे अपत्य आहे.

पर्सेंटाइल हा शब्द सीईटीमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला आहे, त्यामुळे ‘शततमक’ हा पारिभाषिक शब्द वापरण्याची सक्ती मी करणार नाही. सीईटीत ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातील नव्व्याण्णव मुलांचे गुण तेवढे किंवा त्याहून कमी आहेत. फ्रेमच्या बाबतीतही गणित तेच आहे, मात्र येथे ‘गुण’ म्हणजे लागलेला वेळ असल्यामुळे जितका जास्त तितका वाईट. नव्व्याण्णव टक्के फ्रेम्स ज्या वेळेत आटोपल्या ती वेळ, असा त्याचा साधा अर्थ आहे. ती वेळ वेगात बदलून घेतली की काही परीक्षक तिलाच ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात. दुसरे परीक्षक सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्स बाजूला काढून त्यांच्या वेळेची सरासरी काढतात. तिसरी पद्धत एक टक्का फ्रेम्स न घेता एक टक्का वेळ घेते, म्हणजे सर्वांत मंद फ्रेमपासून बेरीज करत जायचे आणि चाचणीच्या एकूण वेळेचा एक टक्का ज्या फ्रेमवर भरेल तिचा वेग द्यायचा. कॅपफ्रेमएक्ससारख्या साधनात हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या नावांनी मिळतात, पण लेखांतील आलेखांवर पुष्कळदा नुसते ‘वन पर्सेंट लो’ एवढेच लिहिलेले असते.

फरक केवढा पडतो ते एका हिशेबात पाहू. समजा एका चाचणीत १००० फ्रेम्स आल्या, त्यांपैकी ९९२ फ्रेम्सना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले आणि ८ फ्रेम्सना प्रत्येकी १०० मिलिसेकंद लागले. एकूण वेळ १०.७२ सेकंद, म्हणून सरासरी वेग ९३. आता पर्सेंटाइलच्या पद्धतीने ९९० वी फ्रेम पाहिली तर ती १० मिलिसेकंदांचीच आहे, म्हणून ‘वन पर्सेंट लो’ १०० येईल, म्हणजे चक्क सरासरीहून जास्त. सर्वांत मंद दहा फ्रेम्सची सरासरी काढली तर ती ८२ मिलिसेकंद, म्हणजे वेग १२. वेळेच्या पद्धतीने एकूण वेळेचा एक टक्का सुमारे १०७ मिलिसेकंद होतो, तो दुसऱ्या क्रमांकाच्या मंद फ्रेमवरच भरतो आणि उत्तर १० येते. चाचणी एकच, कार्ड एकच, नावही एकच, आणि आकडे मात्र १००, १२ आणि १०. उदाहरण मी मुद्दाम टोकाचे घेतले आहे, तरी दोन वेगळ्या लेखांतील ‘वन पर्सेंट लो’ शेजारी ठेवून दोन कार्डांची तुलना का करू नये, हे त्यावरून कळावे. जिच्या १००० पैकी १००० फ्रेम्स ११ मिलिसेकंदांच्या आहेत अशा दुसऱ्या चाचणीची सरासरी ९१ भरते. ती पहिलीपेक्षा कमी आहे, पण खेळणारा माणूस दुसरीच निवडेल.

म्हणून माझी सूचना अशी की, आकडा मंद फ्रेम्सच्या सरासरीचा असेल तर ‘तळाच्या एक टक्क्याचा वेग’ म्हणावे आणि पर्सेंटाइलचा असेल तर ‘नव्व्याण्णव टक्के फ्रेम्सनी राखलेला वेग’ असे फोड करून लिहावे. दुसरी शब्दरचना लांबट आहे हे मान्य आहे, पण उरलेल्या एक टक्का फ्रेम्सचे काय झाले हे ती सांगत नाही आणि सांगितल्याचा आवही आणत नाही, आणि हा गुण मला लांबीपेक्षा मोलाचा वाटतो. कोणती पद्धत वापरली हे कळत नसेल तर ‘वन पर्सेंट लो’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा. ‘किमान’ हा शब्द खऱ्या किमान आकड्यासाठी राखून ठेवावा.

आता ‘स्टटर’. तोतरेपणा हा वाणीचा असतो आणि तो माणसाबद्दल बोलताना वापरायचा शब्द आहे, त्यामुळे चित्र तोतरे होते असे म्हणणे मराठी कानाला खटकते. अडखळण्याला मात्र अशी मर्यादा नाही. माणूस बोलताना अडखळतो, चालताना अडखळतो, तसे चित्रही अडखळते. एखादी फ्रेम एकदम रेंगाळली तर त्या एका प्रसंगाला ‘गचका’ हा शब्द चपखल बसतो, कारण गाडीला गचका बसतो तेव्हाही आपल्याला वेग नव्हे, वेगातील अचानक बदल जाणवतो. मुले ज्याला सरसकट ‘लॅग’ म्हणतात तो प्रकार निराळा आहे. कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा उशीर तो लॅग, आणि तो सतत सारखाच असला तर चित्र गुळगुळीत चालूनही हाताला जड वाटते.

अडखळणे हा क्रमाचा दोष आहे, आणि क्रम कोणत्याच सरासरीत किंवा पर्सेंटाइलमध्ये उतरत नाही. १००० फ्रेम्सपैकी निम्म्या ८ मिलिसेकंदांच्या आणि निम्म्या २५ मिलिसेकंदांच्या आहेत असे धरा. पहिल्या चाचणीत त्या एकाआड एक येतात, दुसरीत आधी सगळ्या ८ च्या आणि मग सगळ्या २५ च्या येतात. दोन्हींची सरासरी ६०.६ आणि ‘वन पर्सेंट लो’ कोणत्याही पद्धतीने ४०. पण पहिलीत चित्र अथपासून इतिपर्यंत थरथरत राहील आणि दुसरीत सुमारे पाव वेळ चपळ, उरलेला वेळ संथ, पण दोन्ही वेळी एकसारखे चालेल. म्हणून ‘संथ’ आणि ‘अडखळते’ हे दोन शब्द लिहिताना कधीही अदलाबदल करू नयेत. हा फरक ओळखायचा तर फ्रेमच्या वेळेचा आलेखच पाहावा लागतो. पहिल्या चाचणीची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते आणि दुसरीची एका पायरीसारखी.

माझ्या भाच्याच्या संगणकावर हे मी जवळून पाहिले. ८ जीबी स्मृतीच्या त्याच्या कार्डावर पडद्याच्या कोपऱ्यातील आकडा सत्तरीत स्थिर असे, आणि तरी खेळातील गल्लीतून चौकात शिरताना दरवेळी गचका बसे. नोंद काढली तेव्हा त्या जागी १३, १४, १३, १४२, १३ असे आकडे होते. पोतांची, म्हणजे टेक्स्चरांची, पातळी ‘अल्ट्रा’वर होती, कार्डाची स्मृती काठोकाठ भरली होती आणि नव्या दृश्याचे पोत संगणकाच्या मुख्य स्मृतीतून खेचून आणावे लागत होते, तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीच्या मानाने फारच अरुंद असतो. पातळी एका पायरीने खाली आणताच १४२ सारखे आकडे नाहीसे झाले आणि सरासरी जेमतेम दोनने बदलली. सरासरीकडे पाहून हा दोष सापडलाही नसता आणि दुरुस्त झाल्याचे कळलेही नसते. उलट बाजूही सांगायला हवी. स्मृती भरली की काही खेळ गचका बसू न देता गुपचूप धूसर पोत वापरतात. तेव्हा आकडे सगळे सुरेख येतात आणि भिंतीवरच्या विटा मात्र चिखलासारख्या दिसतात.

‘या कार्डाचा गचका’ असे लिहिण्यापूर्वीही थोडे थांबावे, कारण गचका कार्डाचा असेलच असे नाही. रेझोल्यूशन बरेच उतरवूनही तो तितकाच राहिला, तर कारण बहुधा प्रोसेसरमध्ये किंवा खेळातच आहे. खेळ पहिल्यांदा चालवताना शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होत असल्यामुळे बसणारे गचके दुसऱ्या फेरीत सहसा येत नाहीत. पहिली फेरी सरावाची म्हणून टाकून देणाऱ्या परीक्षकाच्या आलेखात ते दिसणार नाहीत, घरी खेळणाऱ्याला मात्र दिसतील.

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘या कार्डाचा सरासरी वेग सेकंदाला ९३ फ्रेम्स असून तळाच्या एक टक्क्याचा वेग ७१ आहे, आलेखात चित्र अडखळल्याची खूण नाही.’ शेवटचे अर्धे वाक्य आलेख स्वतः पाहिला असेल तरच ठेवावे.