ईसीजी नॉर्मल, तरी शोध थांबत नाही

प्रश्न : ईसीजी नॉर्मल आला, तरी धडधडले की मी मोबाइलवर लक्षणे शोधतो. काय करू?

खानापूरच्या माझ्या मावसभावाचे हेच झाले होते. डॉक्टरांनी दिलेला धीर संध्याकाळपर्यंतही टिकत नसे, कारण शोधल्यावर भीती क्षणभर उतरते आणि शोधल्यामुळेच आपण सुरक्षित राहिलो, असे मन शिकते. शोधायची इच्छा झाली की आधी १० मिनिटे, पुढे अर्धा तास थांबायचे त्याने ठरवले, आणि वहिनीनेही ‘काही नाही हो’ असे पुन्हा पुन्हा सांगणे थांबवले. पहिले काही दिवस फार कठीण गेले, पण न शोधताही भीती ओसरते, हे त्याने स्वतः अनुभवले. मात्र छातीत दुखणे किंवा भोवळ असे नवे लक्षण आल्यास थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. एकट्याने जमत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकांशी बोलता येते.