इम्प्रेस्टची पेटी कॅश: महिनाअखेरचा चेक आणि वहीतले रकाने

प्रश्न: एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात नवीन लागलेय. पेटी कॅश माझ्याकडे दिलीय, इम्प्रेस्ट ५,००० रुपये. जूनमध्ये ४,२३० खर्च झाले. आता साहेबांकडे ५,००० चा चेक मागायचा की ४,२३० चा? आणि वहीत एवढे रकाने कशाला? खर्च लिहून खाली बेरीज मारली तर चालत नाही का?

उत्तर:

चेक ४,२३० चाच मागा. पेटीत ७७० उरलेत, त्यात ४,२३० पडले की पुन्हा ५,००० होतात. ५,००० घेतलेत तर पेटीत ५,७७० होतील, पुढच्या महिन्यात आणखी वेगळा आकडा येईल, आणि पेटीत नक्की किती असायला हवेत हे वही उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

या पद्धतीची सगळी गंमत त्या न बदलणाऱ्या आकड्यात आहे. महिन्याच्या कुठल्याही दिवशी साहेब येऊन म्हणाले, "पेटी दाखवा," तर आतली रोकड आणि त्या महिन्याची व्हाउचरं यांची बेरीज ५,००० यायलाच हवी. वही लिहायची राहिली असली तरी ही तपासणी होते. कोणी रिक्षाभाड्यासाठी ३०० रुपये उचल नेली असेल आणि बिल अजून आणलं नसेल, तर त्याच्या सहीची चिठ्ठी पेटीत हवी. तीही बेरजेत धरायची. मात्र महिनाअखेरीला अशी चिठ्ठी पेटीत राहू देऊ नका. एक तर हिशेब घेऊन व्हाउचर करा, नाहीतर ती त्या माणसाच्या नावे उचल म्हणून लिहा.

पैसे २० तारखेलाच संपत आले तर महिनाअखेरीची वाट बघायची गरज नसते. तोवर झालेल्या खर्चाचा हिशेब द्या आणि तेवढाच चेक घ्या. दर महिन्याला असंच होत असेल तर इम्प्रेस्टच कमी पडतोय. तो ७,००० करून घ्या, पण ते वाढीव २,००० खर्चाच्या भरपाईत मिसळू नका, वेगळी नोंद करा.

चेक कुठल्या तारखेचा, यावर वही बंद करण्याची रीत ठरते, आणि इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. चेक १ जुलैला मिळणार असेल तर जूनअखेरीला शिल्लक ७७० काढा. १ जुलैला ती ७७० खाली आणा आणि तिच्याखाली बँकेतून आलेले ४,२३० लिहा. चेक ३० जूनलाच मिळाला तर तो जूनच्याच जमेत येतो. जमेची बेरीज ९,२३०, खर्च ४,२३०, आणि शिल्लक सरळ ५,०००. दोन्ही बरोबर. कारखान्याची जी रीत असेल ती दर महिन्याला तीच ठेवा.

आता रकान्यांचं. तुमच्या वहीत डावीकडे आलेली रक्कम असेल, मग तारीख, तपशील, व्हाउचर नंबर, एकूण खर्च आणि त्यापुढे खर्चाच्या प्रकारांचे रकाने. प्रत्येक रक्कम दोनदा लिहायची, एकदा 'एकूण' मध्ये आणि एकदा तिच्या प्रकारात. नुसती एक बेरीज मारून चालत नाही, कारण ४,२३० हा आकडा खातेवहीत कुठल्याच एका खर्चाच्या खात्यावर जात नाही. 'पेटी कॅश खर्च' नावाचं खातं काढून सगळं त्यात ढकलणारी ऑफिसं मी पाहिली आहेत. वर्षअखेरीला त्या खात्यात पन्नास हजार दिसतात, आणि ते कशावर गेले हे शोधायला सगळी व्हाउचरं पुन्हा उलगडावी लागतात.

उदाहरणाला एका कारखान्याचा जून धरू, तुमच्याच आकड्याचा. बारा व्हाउचरं. कुरिअर १८० आणि स्पीड पोस्ट ९५, म्हणून टपालाच्या रकान्यात २७५. कागदाचं रिम आणि झेरॉक्स ४२०, फायली-पेनं २६०, स्टेशनरी ६८०. रिक्षा १४० आणि एसटी २४०, प्रवास ३८०. चहा-दूध दोनदा, ३८५ आणि २९०, मिळून ६७५. नळ दुरुस्तीचे ३५० संकीर्णमध्ये. कच्चा माल उतरवायची हमाली ६००. तयार माल गिऱ्हाइकाकडे पाठवायला टेम्पो ८००. आणि एका पुरवठादाराची उधारीची राहिलेली बाकी ४७०.

हमाली आणि टेम्पो या दोन रकमा बहुतेक वह्यांत 'वाहतूक' नावाच्या एकाच रकान्यात १,४०० म्हणून बसतात, आणि मला हे अजिबात पटत नाही. माल आत आणायचा खर्च व्यापार खात्यात जातो, माल पाठवायचा खर्च नफा-तोटा खात्यात. एकत्र केलात की ढोबळ नफा चुकतो. शेवटचा निव्वळ नफा तोच येतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कारखान्यात दोन्ही प्रकारची वाहतूक रोजची असेल तर 'आवक' आणि 'जावक' असे दोन रकाने पाडा. त्यासाठी एखादा कमी वापराचा रकाना संकीर्णमध्ये टाकावा लागला तरी चालेल.

पुरवठादाराचे ४७० हा खर्चच नाही. माल घेतला तेव्हाच खरेदी लिहिली गेली, आता फक्त देणं फिटतंय. त्याला शेवटचा 'खातेवही' रकाना असतो. बाकीच्या रकान्यांची महिन्याची बेरीज एकदाच खातेवहीत नेतात. या रकान्यातली प्रत्येक रक्कम मात्र सुटी, ज्याची त्याच्या खात्यावर जाते, म्हणून शेजारी खातेपानाचा नंबर लिहायला जागा असते. ४७० चुकून खरेदीत किंवा संकीर्णमध्ये टाकलेत तर खर्च दुबार लागतो, आणि पुरवठादाराच्या खात्यावर फिटलेली बाकी तशीच दिसत राहते.

जूनअखेरीची नोंद मग अशी होते:

टपाल खाते नावे २७५
स्टेशनरी खाते नावे ६८०
प्रवास खर्च खाते नावे ३८०
आवक वाहतूक व हमाली खाते नावे ६००
जावक वाहतूक खाते नावे ८००
चहापाणी खर्च खाते नावे ६७५
संकीर्ण खर्च खाते नावे ३५०
पुरवठादाराचे खाते नावे ४७०
पेटी कॅश खाते जमा ४,२३०

आणि चेक मिळाला की पेटी कॅश खाते नावे ४,२३०, बँक खाते जमा ४,२३०. बारा व्हाउचरांच्या बारा पोस्टिंगऐवजी आठ. इथे फरक किरकोळ वाटेल, पण महिन्याला ऐंशी व्हाउचरं असली तरी रकान्यांच्या बेरजा तेवढ्याच राहतात.

चेक मागण्याआधी सगळ्या रकान्यांच्या उभ्या बेरजा एका ओळीत आडव्या मिळवा. २७५ पासून ४७० पर्यंत ४,२३० यायला हवेत, आणि 'एकूण' रकान्याची उभी बेरीजही तेवढीच. जुळलं नाही आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर आधी उलटे पडलेले अंक शोधा. स्पीड पोस्टचे ९५ कुठेतरी ५९ झाले तर ३६ चा फरक येतो. बेरजा जुळल्या म्हणजे सगळं बरोबर, असं मात्र नाही. चहाची रक्कम प्रवासात लिहिली तरी आडवी बेरीज बिनतक्रार जुळते. ती चूक व्हाउचर हातात घेऊन ओळीशी ताडून पाहिल्यावरच सापडते.

दुसरी तपासणी वहीची नाही, पेटीची. वहीप्रमाणे ७७० हवेत आणि मोजले तर ७५० निघाले, तर काय? आधी ते वीस रुपये शोधा. बहुतेकदा एखादं व्हाउचर लिहायचं राहिलेलं असतं किंवा सुटे परत घेतलेले नसतात. नाहीच सापडले तर ते चहापाण्यात वाढवून लिहू नका. दोन महिन्यांनी चहाच्या रकान्याला काही अर्थच उरत नाही. साहेबांना सांगून 'रोकड कमी-जास्त' अशा खात्यावर २० नावे टाका. मग चेक ४,२५० चा होतो, ४,२३० व्हाउचरांचे आणि २० तुटीचे, आणि पेटी पुन्हा ५,००० वर येते. रोकड जास्त निघाली तरी खुश होऊ नका. पैसे न देताच लिहिलेलं एखादं व्हाउचर असू शकतं.

व्हाउचरांबद्दल थोडंसं. प्रत्येकावर नंबर, तारीख, कशासाठी, मंजुरीची सही आणि पैसे घेणाऱ्याची सही. बिल असेल तर मागे जोडा. हमाल किंवा रिक्षावाला बिल देत नाही, तिथे आपलंच छापील व्हाउचर चालतं. चेक मिळाला की सगळ्या व्हाउचरांवर 'भरपाई झाली' असा शिक्का मारून घ्या, नाहीतर तेच बिल पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्यात पुन्हा येऊ शकतं. आणि काही ऑफिसांत प्रत्येक व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टँप डकवायची हौस असते. एक रुपयाचा तो स्टँप ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला लागतो. तुमच्या पेटीतून तेवढी रक्कम एकदम जाऊच शकत नाही.

एक महिना बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो, तो मार्च. काही ठिकाणी खर्चाची नोंद चेक निघाला की त्याच दिवशी करतात, खर्च नावे आणि बँक जमा. टॅलीत सोपं पडतं आणि पेटी कॅश खातं वर्षभर ५,००० वरच राहतं. पण मार्चचा चेक एप्रिलमध्ये निघाला तर मार्चचा खर्च पुढच्या वर्षात जातो, आणि ताळेबंदात पेटीत नसलेले पैसे दिसतात. म्हणून ३१ मार्चला चेक आला असो वा नसो, तोवरच्या व्हाउचरांची नोंद त्याच तारखेला करा आणि पेटी मोजून सह्या घ्या. त्या दिवशी पेटीत ७७० असतील तर ताळेबंदात ७७० च दाखवा.