स्पॅनिशमधला माणसाआधीचा ‘आ’: तो कधी येतो आणि कधी गळतो

प्रश्न: ‘बेओ ला कासा’ (मी घर पाहतो) या वाक्यात काहीच नाही, पण ‘बेओ आ मारिया’ (मी मारियाला पाहतो) या वाक्यात मध्येच ‘आ’ येतो. माणूस असला की ‘आ’ लावायचा, असे शिकवले गेले. मग ‘तेन्गो दोस एर्मानोस’ (मला दोन भाऊ आहेत) यात तो का नाही? आणि कुत्र्यामांजरांचे काय करायचे?

‘माणूस असला की आ’ हा नियम वर्गात पहिल्या आठवड्यात सांगण्यापुरता ठीक असतो, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग मराठी माणसाला बाहेरून शिकण्याची फारशी गरज नसते, कारण आपण ‘ला’ या प्रत्ययाबाबत रोज जवळजवळ तोच विवेक करतो. ‘काल मामांनी मुलगी पाहिली’ आणि ‘काल मामांनी मुलीला पाहिले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात लग्नाची बोलणी चालू आहेत आणि मुलगी म्हणजे स्थळ आहे. दुसऱ्यात कोणी एक ओळखीची मुलगी बसथांब्यावर उभी होती आणि मामांची नजर तिच्यावर गेली. मुलगी दोन्हीकडे माणूसच आहे. फरक आहे तो ती एक ठरावीक व्यक्ती म्हणून समोर येते की एखादी भूमिका, एखादी रिकामी जागा भरणारी म्हणून येते, यात.

स्पॅनिशमध्ये हाच फरक ‘बुस्कार’ म्हणजे शोधणे या क्रियापदाबरोबर सर्वांत स्वच्छ दिसतो. एखाद्या कचेरीला जर्मन जाणणारी सेक्रेटरी नेमायची असेल, तर ‘बुस्को उना सेक्रेतारिया के आब्ले आलेमान’ असे म्हणतात. तिथे ‘आ’ नाही, कारण ती बाई अजून कोणीच नाही. कदाचित मिळणारही नाही. पण जर्मन बोलणारी एक सेक्रेटरी आधीपासून कामावर आहे आणि आत्ता ती जागेवर सापडत नाही, असे असेल तर ‘बुस्को आ उना सेक्रेतारिया के आब्ला आलेमान’ असे वाक्य होते. इथे ‘आ’ आला आणि त्याबरोबर पुढचे क्रियापदही ‘आब्ले’ या संभाव्यतेच्या रूपातून ‘आब्ला’ या वस्तुस्थितीच्या रूपात गेले. दोन्ही बदल एकाच गोष्टीची साक्ष देतात, ती म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात ती व्यक्ती खरोखर आहे. मराठीत ‘मी मोलकरीण शोधते आहे’ आणि ‘मी मोलकरणीला शोधते आहे’ यांच्यात नेमके हेच अंतर आहे. ‘कामारेरोस’ म्हणजे वेटर हवे आहेत अशा जाहिरातीत ‘बुस्कामोस कामारेरोस’ असे बिनउपपदाचे अनेकवचन येते, तिथेही याच कारणाने ‘आ’ लागत नाही.

आता ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे या क्रियापदाकडे येऊ. ‘तेन्गो दोस एर्मानोस’ हे वाक्य भावांविषयी कमी आणि बोलणाऱ्याच्या कुटुंबाच्या मोजदादीविषयी अधिक आहे. म्हणूनच ते भाऊ कितीही प्रिय असले तरी ‘आ’ गळतो. मात्र ‘तेन्गो आ मी माद्रे एन एल ओस्पिताल’ (माझी आई हॉस्पिटलात आहे) यात तो हवाच, कारण आई आहे की नाही हा प्रश्न नसून ठरावीक आई कोणत्या स्थितीत आहे हे सांगायचे आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी उत्साहाने ‘तेन्गो आ दोस एर्मानोस’ असे लिहिले होते. शिक्षिकेने पेन थांबवून शांतपणे विचारले, ‘कुठे?’ वाक्य त्यांना अपुरे वाटले होते, जणू मी दोन भावांना कुठेतरी बसवून ठेवले आहे आणि जागा सांगायला विसरलो आहे. अस्तित्व सांगणाऱ्या ‘आय’ या क्रियापदानंतर, म्हणजे ‘आय उन ओम्ब्रे’ (एक माणूस आहे) अशा वाक्यात, ‘आ’ येत नाही. उलट ‘कोणीतरी’, ‘कोणीही नाही’ आणि ‘कोण’ या अर्थांची सर्वनामे कर्म असली की तो येतो: ‘नो बेओ आ नादिए’, मला कोणी दिसत नाही.

इथवर मराठी आपल्याला हात धरून नेते. पण एका ठिकाणी ती फसवते. ‘मी रस्त्यावर एक माणूस पाहिला’ हे मराठी वाक्य ‘ला’शिवाय अगदी नैसर्गिक आहे, कारण तो माणूस ऐकणाऱ्याला अजून माहीत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र साधारणपणे ‘बी आ उन ओम्ब्रे’ असेच म्हणतात. आपला ‘ला’ ऐकणाऱ्याची ओळख बरीच विचारात घेतो, तर स्पॅनिश ‘आ’ला बोलणाऱ्यापुढे एक खरा माणूस उभा होता, एवढे पुरते. मराठी भाषकांच्या लेखनात ‘आ’ चुकून गळतो तो बहुतेक याच जागी.

हा ‘आ’ मुळात हवा तरी कशाला, असेही मनात येईल. स्पॅनिशमध्ये कर्ता क्रियापदानंतरही येऊ शकतो, त्यामुळे ‘यामो पेद्रो’ म्हणजे पेद्रोने फोन केला आणि ‘यामो आ पेद्रो’ म्हणजे कोणीतरी पेद्रोला फोन केला. दगड फोन करत नाही, पण माणूस करतोही आणि त्याला केलाही जातो. म्हणून गोंधळाचा धोका माणसांच्या बाबतीतच अधिक आणि खूण लावण्याची गरजही तिथेच अधिक. (गोव्यातल्या जुन्या पिढीतील पोर्तुगीज जाणणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, कारण सख्खी बहीण असूनही आजची पोर्तुगीज भाषा मारियाला पाहताना सहसा असे काही लावत नाही.)

पाळीव प्राणी माणूस आणि वस्तू या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात राहतात. कुत्र्याला नावाने हाक मारली की तो माणसांच्या रांगेत आला आणि ‘आ’ लागलाच. नाव नसेल तर घरातला आणि बाहेरचा हा भेद पाहावा: ‘साके आल पेर्रो’ (मी कुत्र्याला बाहेर फिरवून आणले) यात ‘आ’ आणि उपपद ‘एल’ मिळून ‘आल’ झाले आहे, पण ‘बी उन गातो’ (मला एक मांजर दिसले) यात रस्त्यावरच्या अनोळखी मांजराला तो मान सहसा मिळत नाही. क्रियापदही आपले वजन टाकते. कुरवाळणे, अंघोळ घालणे, प्रेम करणे या क्रिया प्राण्याला जीव मानतात. खरेदी-विक्री त्याला वस्तू मानते. म्हणून ‘कोम्प्रे उन पेर्रो’ (मी कुत्रा विकत घेतला) आणि त्याच कुत्र्याबद्दल महिनाभराने ‘कियेरो आ मी पेर्रो’, माझे त्याच्यावर प्रेम आहे. ‘केरेर’ या क्रियापदाचे हवे असणे आणि प्रेम असणे असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे ‘कियेरो उन इहो’ म्हणजे मला मूल हवे आहे आणि ‘कियेरो आ मी इहो’ म्हणजे माझे माझ्या मुलावर प्रेम आहे.

माणूस ठरावीक असूनही ‘आ’ गाळता येतो अशी एक जागा उरते, ती म्हणजे वाक्यात दुसरा ‘आ’ येत असेल तेव्हा. ‘प्रेसेन्तो सु नोविया आ सुस पाद्रेस’ (त्याने आपल्या प्रेयसीची आईवडिलांशी ओळख करून दिली) यात प्रेयसीआधीचा ‘आ’ गाळतात, म्हणजे कोणाची ओळख कोणाशी, हे स्पष्ट राहते. आपणही ‘मुलाला मुलगी दाखवली’ असेच म्हणतो. ‘मुलाला मुलीला दाखवले’ म्हटले तर कोणी कोणाला पाहिले हे विचारावे लागेल. पण प्रेयसीच्या जागी तिचे नाव, समजा आना, घातले की ही सवलत संपते आणि ‘प्रेसेन्तो आ आना आ सुस पाद्रेस’ असे दोन्ही ‘आ’ ठेवावे लागतात.